‘घाट बंद’ : होता, आहे की राहणार?

संपादक महोदय,

मथळ्यातले क्रियापद गाळणे ही चूक नव्हे. ‘दरड कोसळून दोन जखमी’ यात ‘झाले’ नसले तरी कुणाचे अडत नाही. ‘परशुराम घाट बंद’ या मथळ्यात मात्र अडते. ‘दरड कोसळली’ यातले ‘कोसळली’ हे रूप काळ आणि लिंग दोन्ही सांगते. ‘बंद’ हे विशेषण काहीच सांगत नाही. घाट काल बंद होता, आता आहे, की उद्या राहणार? चिपळूणहून खेडला निघालेल्या माणसाला नेमके तेच हवे असते. ‘घाट आज रात्री बंद’ इतके छापले तरी पुरे. क्रियापद नसले तरी चालेल.

प्रत्यय गाळणे आणि समास तोडणे हा मात्र सरळ दोष. ‘पर्ससीन बंदी विरोध मोर्चा’ असे सुटे चार शब्द छापले की मोर्चा पारंपरिक मच्छीमारांचा की पर्ससीन जाळी वापरणाऱ्यांचा, हे कळत नाही. ‘बंदीविरोधी मोर्चा’ आणि ‘पर्ससीनविरोधी मोर्चा’ यांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. मराठीत सामासिक शब्द जोडूनच लिहायचा असतो, आणि जोडल्याने जागाही वाचते! तेव्हा इथे जागेची सबब चालणार नाही.

– एक वाचक, चिपळूण