चाळीसचे चोवीस हजार नऊशे

हॅम्बुर्ग, ३ जुलै

चि. चिनूस,
अनेक आशीर्वाद. आजवर हे फुकट मिळत होते. आता कमावता झालास, तेव्हा दर ठरवून घेऊ.

काकूने पाठवलेला फोटो पाहिला. देवघरात गणपतीपुढे तुझा फोन, त्यावर बँकेचा मेसेज आणि मेसेजच्या बरोबर मधोमध कुंकवाचं बोट! आजीने म्हणे विचारलं, "नोटा कुठायत?" अगदी रास्त प्रश्न. पगाराचं पाकीट देवापुढे ठेवायची पद्धत पडली तेव्हा पाकिटात काहीतरी असायचं. तोच फोटो नागपूरला आमच्याकडेही गेला आणि बाबांनी तो सोसायटीत एवढ्या लोकांना दाखवला, की तिथल्या वॉचमनलाही आता कळलंय, इंदूरच्या पुतण्याचा पगार झाला.

आणि त्यानंतर तुझा तो रडका मेसेज. "ताई, चाळीस बोलले होते, २४,९०० आले. भिया, बाकीचे कुठे गेले?" काल रात्री तुझी सॅलरी स्लिप उघडून बसले. हिशोब बरोबर आहे रे, कोणी काही खाल्लं नाही.

तुला ४ लाख ८० हजार सांगितले, ती सीटीसी. म्हणजे कंपनीला तू वर्षाला केवढ्याला पडतोस तो आकडा. त्याला बाराने भागून तू चाळीस धरलेस आणि इथेच गंडलास. तुझा बेसिक २०,०००. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,४००, कंपनी आपल्या वाट्याचा पीएफ भरते आणि तेही तुझ्या चाळीसमध्येच मोजते. वर ग्रॅच्युइटीचे ९६२. ते तर एरवी पाच वर्षं टिकलास तरच हाती पडतात, पण सांगताना आजच सांगून टाकायचे! हे दोन्ही काढले की तुझा महिन्याचा खरा ग्रॉस उरतो ३६,६३८.

तू रुजू झालास ९ तारखेला. जूनचे ३० दिवस, तुझे २२. स्लिपवर वरच्या कोपऱ्यात 'पेड डेज' बघ, तिथे २२च आहेत. मध्ये आलेले रविवारही धरलेत. तिथे एकवीस असते तर मी स्वतः तुझ्या एचआरला फोन केला असता. तर ३६,६३८ चे बावीस दिवसांचे झाले २६,८६८. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,७६०, कारण बेसिकही बावीस दिवसांचाच. आणि २०८ रुपये प्रोफेशनल टॅक्स, तो मध्य प्रदेश सरकारचा. दर महिन्याला २०८ आणि एका महिन्यात २१२, असे वर्षाचे अडीच हजार. त्याहून जास्त कुठलंच राज्य घेऊ शकत नाही, घटनेतच तशी मर्यादा घातलेली आहे. आता वजाबाकी कर. २४,९००. आला ना ताळा?

इन्कम टॅक्स शून्य आहे, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? इथे माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा हातात यायच्या आधीच जातो. पत्ता नोंदवताना धर्म विचारतात आणि कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर चर्चचा कर वेगळा. आपल्या गणपतीला त्या फॉर्मात रकाना नाही, तेवढा माझा फायदा.

एक काम मात्र कर. स्लिपवरच्या बारा आकडी यूएएनपुढे, म्हणजे तुझ्या पीएफच्या नंबरापुढे, तुझं आडनाव एका अक्षराने चुकलंय, आधारवर वेगळं आहे. आत्ता एचआरला सांगितलंस तर पटकन होईल. नोकरी बदलताना कळलं तर पीएफ हलवायला नाकी नऊ येतील.

बरं, पैशांचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तू काकूसाठी माहेश्वरी साडी बघून ठेवलीयस हे मला कळलंय (काकूलाही कळलंय, चेहरा आश्चर्याचा करेल, तू विश्वास ठेव). माझ्या वाट्याचं तेवढं ऐक. शनिवारी रात्री सगळ्यांना सराफ्यात ने. दहाच्या आधी जाऊ नकोस, सोन्याच्या दुकानांची शटरं पडून खाण्याच्या गाड्या लागायला वेळ लागतो. पावसाळा आहे, म्हणजे भुट्ट्याचा कीस ताजा मिळेल. काका "पोट भरलंय" म्हणतील, त्यांच्यासाठी पहिली प्लेट घे. आजीसाठी बिनमिरचीची सांग आणि तिच्या हातात नोटा देऊन पैसे तिलाच द्यायला लाव. नातवाचा पगार तिने एकदा मोजून बघायला हवा.

माझी प्लेट बुडवू नकोस. मी डिसेंबरात येतेय, गराडूच्या दिवसांत. तोपर्यंत तुझे पूर्ण महिन्याचे ३४,०३० चार-पाच वेळा आलेले असतील, त्यामुळे "ताई, महिनाअखेर आहे" चालणार नाही.

काका-काकूंना आणि आजीला नमस्कार.

तुझी,
मीनलताई