कंस ठेवल्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या घरातलं जुनं मोडी पत्र तुम्ही वाचून दिलंत. नुसता फोन करून हे आभार संपले नसते, म्हणून सगळ्यांदेखत लिहितो आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तुमची तारखेची ओळ. मायन्यात 'सु॥ सन', म्हणजे शुहूर सन, यानंतरचा शब्द घडीवर घासून गेला होता. या सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, आणि त्यात सुमारे सहाशे मिळवले की इसवी सन येतो. पुढचं 'सबैन मया व अलफ' स्पष्ट होतं, म्हणजे अकराशे सत्तर आणि वर काहीतरी. उरलेल्या शब्दाचा फक्त पहिला 'स' दिसत होता, म्हणून तो सलास म्हणजे तीन, सीत म्हणजे सहा, सबा म्हणजे सात किंवा समान म्हणजे आठ, यांपैकी कोणताही असू शकला असता. तिरप्या उजेडात फोटो काढायला सांगून, शेवटच्या 'लोभ असो द्यावा' मधला 'ल' तुम्ही 'स' नंतरच्या पुसट खुणेशी ताडून पाहिलात. जुळल्यासारखा वाटला, तरी तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत.

खाली 'चैत्र शुद्ध' आणि हिजरी तारखेच्या 'छ' पुढे 'मोहरम' शाबूत होतं. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे तीन ते पाच वर्षांत हिजरी महिने चैत्राच्या मानाने एक-दोन महिने सरकतात. जंत्रीत पाहिलं तर सलास धरून येणाऱ्या 1773 च्या चैत्रात मोहरम होता, सीत धरून येणाऱ्या 1776 च्या चैत्रात सफर महिना, आणि सबा किंवा समान धरून येणाऱ्या 1777 व 1778 च्या चैत्रात रबिलावल महिना. म्हणजे पत्र नारायणराव पेशव्यांच्या अल्प कारकिर्दीतलं ठरलं. पाच वर्षं चुकली असती तर ते सवाई माधवरावांच्या काळात गेलं असतं.

आणि तरीही लिप्यंतरात तुम्ही '[सलास]' असा चौकोनी कंस ठेवलात. मी विचारलं, आता शंका कुठे उरली? तुम्ही म्हणालात, "ते गणिताने आलंय, डोळ्याने नाही. वाचणाऱ्याला दोन्ही वेगळं कळलं पाहिजे."

गावाच्या बाबतीत तर तुम्ही माझा हट्टही मोडलात. 'मौ॥ आंब' नंतर कागद फाटलेला आहे. घरात सगळे आंबवडेच म्हणतात. पण आंबेघरही तिथे बसतं, आणि 'ब' वरच्या मात्रेची जागाच फाटीत गेली आहे, म्हणून तुम्ही 'मौ॥ आंब[…]' एवढंच लिहिलंत. समासात टीप दिलीत: 'सुमारे दोन अक्षरांची जागा, घरची आठवण आंबवडे.' तेव्हा मी थोडा खट्टू झालो होतो, पण आता ती टीप मला फार आवडते. आमची आठवण त्यात नोंदली गेली आणि ती पत्रातल्या शब्दांत मिसळलीही नाही.

ऱ्हस्व-दीर्घही तुम्ही परस्पर सुधारले नाहीत. मोडीत तो भेद सहसा पाळला जात नसल्याने मुळातलं रूप तसंच ठेवलंत. सलग मजकुराचे शब्द तोडले तिथे मात्र तोड तुमची आहे, हे वरच लिहून टाकलंत.

प्रत चुलतभावांना पाठवली आहे, सगळे कंस आणि टिपा जशाच्या तशा ठेवून. मूळ पत्राला आता घडी घालत नाही, सपाट ठेवलं आहे. तुमच्या या कामाचा मी मनापासून ऋणी आहे.

आपला,
पत्रवाल्या घरातला पुतण्या