हप्ता लहान, मुद्दल मात्र वाढते

संपादक महोदय,

पुण्यात नोकरी करणारी माझी पुतणी परवा गृहकर्जाचा तक्ता घेऊन आली. कर्ज ४० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. समान हप्ता ३४,७१३ रुपये बसतो. एजंटाने मात्र ‘स्टेप-अप’ सुचवले होते: पहिल्या वर्षी फक्त २४,०१८ रुपये, मग दरवर्षी ५ टक्के वाढ. “काका, पगार तेवढा वाढतोच की,” ती म्हणाली. तेही खोटे नाही.

मी बँकेच्या कर्जविभागात हयात घालवली, त्यामुळे आधी पहिल्या महिन्याचे व्याज काढले. ते २८,३३३ रुपये आले. हप्ता त्याहून ४,३१५ रुपयांनी कमी! ही तूट मुद्दलात मिळवली जाणार आणि तिच्यावरही व्याज चढणार. तक्त्यात शिल्लक कर्जाचा रकानाच नव्हता. आम्ही तो पाठकोऱ्या कागदावर मांडला. एकही हप्ता न चुकवताही पाच वर्षांनी देणे उरते साडेएकेचाळीस लाख! मूळ ४० लाखांच्या खाली यायला नववे वर्ष लागते. मध्येच घर विकावे लागले, तर ही रक्कम बँकेला आधी चुकती करावी लागेल. विसाव्या वर्षी हप्ता ६०,७०० रुपयांच्या घरात जातो. एकूण व्याज ५५ लाख ३० हजार होते, समान हप्त्यात ते ४३ लाख ३१ हजार असते.

वाढता हप्ता मुळातच वाईट, असे मला म्हणायचे नाही. वाढ कुठून सुरू होते, ते महत्त्वाचे. तीच ५ टक्के वाढ ३४,७१३ पासून धरली, तर कर्ज सव्वाबारा वर्षांत फिटते आणि व्याज २७ लाख ७० हजारांच्या आसपास राहते. पहिल्या वर्षी महिन्याला दहा हजार सातशे जास्त काढावे लागतात, हे खरे. तेवढे झेपत नसतील, तर निदान व्याजाइतका, म्हणजे २८,३३३ रुपयांचा हप्ता धरावा. मुद्दल फुगत नाही. शिवाय वाढ करारात बांधून घेण्यापेक्षा समान हप्ता ठेवून पगारवाढ झाली की जादा रक्कम भरावी. फिरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही. फक्त अर्जात ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असे स्पष्ट लिहावे. नोकरी गेली, तर जादा भरणे थांबवता येते. करारातली वाढ थांबत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक आणि त्यात परतफेडीचे पूर्ण वेळापत्रक देणे बंधनकारक आहे. पुतणीने एजंटाकडे तेच मागितले आहे. चार दिवस झाले, त्याचा फोन आलेला नाही.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली