समूह शाळा : पट मोजताना मुलाचे वयही मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘दहा मुलांसाठी दोन शिक्षक सरकारने का पोसावेत?’ असा प्रश्न विचारणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. प्रश्न रास्त आहे आणि तो मुंबईत अनेकांच्या मनात असतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांवर, बहुतेक द्विशिक्षकी शाळांतच नोकरी केली आणि आता भांडुपला राहते. त्या शाळांचा पट उतरत गेला याचे एक कारण आपल्याच शहरात आहे. वाडीतला मुलगा लग्न करून नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला खोली घेतो, त्याची मुले तिथल्या शाळेत जातात आणि गावच्या पहिलीत दोनच नावे उरतात. त्यामुळे या विषयात मुंबईकर वाचकाने केवळ करदाता म्हणून बोलून भागणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील सातवे प्रकरण लहान शाळांविषयी आहे. देशातील जवळपास २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले आहेत, आणि एकशिक्षकी शाळांची संख्या एक लाखावर आहे, असे २०१६-१७ ची आकडेवारी देऊन त्यात म्हटले आहे. अशा शाळा चालवणे आर्थिकदृष्ट्या परवडत नाही आणि कामकाजाच्या दृष्टीनेही अवघड जाते, हा त्याचा निष्कर्ष. उपाय म्हणून एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील खालच्या वर्गांच्या शाळा व अंगणवाड्या यांचे ‘शाळा संकुल’ करावे, शिक्षक आणि साधने त्यांनी वाटून वापरावीत, असे सुचवले आहे. शाळांचे एकत्रीकरण मात्र फार विचारपूर्वक, मुलांच्या शाळेत पोचण्यावर परिणाम होणार नसेल तरच करावे, असेही धोरण स्पष्ट सांगते. एवढे वाचून कोणी म्हणेल की मग तक्रार कशाची?

तक्रार अशी की ‘परिणाम होणार नाही’ हे कोण आणि कसे ठरवणार, याबद्दल धोरण गप्प आहे. किती अंतर, कोणत्या वयाला, पावसाळ्यात काय, यातले काहीच त्यात नाही. उलट २०२५ पर्यंत राज्यांनी शाळांचे गट पाडावेत किंवा त्यांचे सुसूत्रीकरण करावे, अशी मुदत होती. अंतराची अट मोघम आणि मुदत ठाम असली की खाली कार्यालयात काय होते, ते मी पाहिले आहे. तिथे पटसंख्येचा तक्ता निघतो, कारण तो हाताशी असतो.

आपल्या राज्यात तसेच झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकाच ठिकाणी आणून एक मोठी शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्हा परिषदांकडून मागवले. तेव्हा अशा शाळा १४,७८३, त्यांतली मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७ असा आकडा प्रसिद्ध झाला होता. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुले आणि शिक्षकामागे सहा. तीस मुलांमागे एक शिक्षक धरला तर याच मुलांना सव्वासहा हजारांच्या आत शिक्षक पुरतात. उरलेली तेवीस हजारांवर पदे डोळ्यांसमोर असताना एकत्रीकरणाचा विचार केवळ शिक्षणासाठी होईल, यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरवणाऱ्या मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयात वीसपर्यंत पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक देऊन दुसऱ्या जागी सेवानिवृत्त शिक्षक नेमण्याचे आले, तेव्हा शंका आणखी बळावली.

पण ‘मोठ्या शाळेत मुलांना वर्गवार शिक्षक मिळेल’ हा एकत्रीकरणाचा सर्वांत पटणारा मुद्दा आहे, आणि तोच आधी तपासायला हवा. माझ्या माहितीतल्या एका वाडीचे उदाहरण घेते, नाव मुद्दाम देत नाही. पहिली ते पाचवी मिळून चौदा मुले : पहिलीत दोन, दुसरीत चार, तिसरीत दोन, चौथीत तीन, पाचवीत तीन. शिक्षक दोन. गावठाणातल्या शाळेत एकतीस मुले आणि तिथेही दोन शिक्षक. दोन्ही शाळा एकत्र केल्या की पट पंचेचाळीस होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन आणि एकशेवीसपर्यंत चार. म्हणजे एकत्र झालेल्या शाळेलाही दोनच शिक्षक. आधी पंचेचाळीस मुलांना चार शिक्षक होते, आता दोन. पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यायची कसरत तशीच राहिली, फक्त प्रत्येकाच्या पुढ्यातली मुले वाढली आणि वाडीतली चौदा मुले रोज चार किलोमीटर चालू लागली.

वर्गवार पाच शिक्षक हवे असतील तर पट एकशेवीसच्या पुढे गेला पाहिजे. सरासरी बारा-तेरा मुलांच्या शाळा धरल्या तर त्यासाठी दहा वाड्या एका ठिकाणी आणाव्या लागतात. देशावरच्या सपाट गावांत हे कदाचित जमेल. कोकणात दहा वाड्या म्हणजे तीन-चार डोंगर आणि मधले पऱ्हे. साकव वाहून गेला की तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होत नाही.

यावर गाडीचे उत्तर दिले जाते. समग्र शिक्षा योजनेत दूर राहणाऱ्या मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत वाहतूक खर्चाची तरतूद आहे. चौदा मुलांचे चौऱ्याऐंशी हजार झाले. दहा महिने आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला तीनशे छत्तीस रुपये पडतात. एवढ्या पैशांत चौदा मुलांना सकाळी न्यायचे आणि दुपारी आणायचे, म्हणजे सहा आसनी रिक्षाच्या निदान दोन-दोन खेपा. जूनमध्ये कच्च्या रस्त्यावर यायला कोणी तयार झाला, तरी बाजाराच्या दिवशी तो येत नाही, कारण त्या दिवशी त्याला चांगले भाडे मिळते. आणि पैसे वर्ष अर्धे उलटल्यावर आले, तर तोवर त्याला कोणी द्यायचे? रोजंदारीवर जाणाऱ्या आईवडिलांनी?

पानशेतच्या समूह शाळेचे उदाहरण आयुक्तालयाने दिले होते आणि त्याबद्दल मला आदर आहे. इमारत आधी उभी राहिली, मुलांना आणायला बस आली, मग आसपासच्या शाळा तिथे आल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यामागे जिल्हा परिषदेची इच्छा होती आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीचा हातभार होता. दुसरे उदाहरण तोरणमाळचे, ते निवासी शाळेचे आहे. सहा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवणे हा सर्वसाधारण नियम होऊ शकत नाही.

लहान शाळेविरुद्धचे दोन आक्षेप मात्र मला मान्य करावेच लागतात, कारण ते मी भोगले आहेत. पाचवीत तीनच मुले असली की वाद घालायला, उत्तर खोडून काढायला कोणी नसते. गणितात एक जण पुढे गेला की बाकीचे दोघे त्याच्याकडे बघून लिहितात, आणि त्यांना काय येते हे शिक्षकालाही उशिरा कळते. कबड्डीला दोन संघ होत नाहीत. दुसरा आक्षेप असा की द्विशिक्षकी शाळा वर्षातले कितीतरी दिवस एकशिक्षकीच असते. एक जण प्रशिक्षणाला, मतदारयाद्यांच्या कामाला किंवा बैठकीला गेलेला असतो, आणि उरलेल्याने पाच इयत्ता, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती सांभाळायची असते. अशा शाळांतली मुले मागे पडतात तेव्हा पट लहान असल्याचा दोष निघतो, शिक्षक जागेवर नसल्याचा निघत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की निर्णय पटावर न घेता वयावर घ्यावा. चौथी-पाचवीच्या मुलांना, वाहन खरोखर रोज येत असेल तर, मोठ्या शाळेत नेण्याला माझा विरोध नाही. त्यांचा फायदाच होईल. पहिली-दुसरी मात्र वाडीतून हलवू नये. हे मी भावनेपोटी म्हणत नाही, याच धोरणाच्या चौथ्या प्रकरणाच्या आधारावर म्हणते. तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा आहे, अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून तो होतो, असे तिथे म्हटले आहे. दुसऱ्या प्रकरणात पायाभूत वाचन आणि अंकज्ञान याला सर्वोच्च प्राधान्य दिले आहे. अंगणवाडी वाडीत राहणार आणि पहिलीचा वर्ग चार किलोमीटरवर जाणार असेल, तर तो टप्पा सहा वर्षांच्या वयालाच तुटतो. सातवे प्रकरण लिहिताना चौथे प्रकरण कोणी समोर ठेवले नसावे, असे वाटते.

वाडीत अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एकाच अंगणात ठेवली, तर चार-सहा मुलांसाठीही एक कायम शिक्षक आणि अंगणवाडी सेविका मिळून चांगले काम करू शकतात. एका शिक्षकाने वेगवेगळ्या इयत्तांना एकत्र शिकवण्याच्या पद्धती आपल्या देशात विकसित झालेल्या आहेत. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या संस्थेने आसपासच्या लहान खेड्यांतील शाळांसाठी कार्डे आणि शिडीसारखे टप्पे तयार केले. मूल आपल्या गतीने पुढे सरकते आणि इयत्तेची भिंत आडवी येत नाही. याचे प्रशिक्षण आपल्याकडे शिक्षक पदविकेत मनापासून दिले जात नाही. बहुवर्ग अध्यापन म्हणजे तात्पुरती अडचण, असे धरूनच सगळी पाठटाचणे लिहायला लावली जातात.

साधने वाटून घेण्यासाठी आपल्याला नवे काही उभारायची गरजही नाही. महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख यांची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. साधारण दहा शाळांचे केंद्र असते, महिन्याला शिक्षण परिषद होते. कागदावर हे धोरणातल्या संकुलासारखेच आहे. केंद्रप्रमुखांची रिकामी पदे भरली आणि केंद्राला चित्रकला, खेळ, इंग्रजी यांसाठी फिरते शिक्षक दिले, तर मुलांऐवजी शिक्षक प्रवास करतील. रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाच्या जागी जाणारा एक राखीव शिक्षक केंद्रात असला, तरी माझ्या अर्ध्या तक्रारी मिटतील.

जिथे शाळा आधीच एकत्र केल्या आहेत, तिथे खरे काय झाले हे कळायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. पटावर ते दिसणार नाही, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर मुलाचे नाव असतेच. ते हजेरीपत्रकात दिसते. एकत्र झालेल्या शाळेची जुलै-ऑगस्टची हजेरी वाडीनिहाय वेगळी काढावी आणि त्याच मुलांच्या जुन्या शाळेतल्या त्याच महिन्यांच्या हजेरीशी ताडून पाहावी. पहिली-दुसरीची मुले आणि पाचवीतल्या मुली यांच्या रकान्यांत फरक पडला असेल, तर ‘पोचण्यावर परिणाम नाही’ ही धोरणाची अट मोडली आहे. दोन्ही हजेरीपत्रके शाळेच्या कपाटात असतात. प्रत्येक जिल्हा परिषदेने नवा प्रस्ताव पाठवण्याआधी हे तक्ते जाहीर करावेत, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
भांडुप, मुंबई