एक कप मोडाला किती मूग भिजवायचे

नाशिक

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, कृतीत "मोड आलेले मूग ३ कप" लिहिलंय, तर कोरडे किती भिजवू? बोलता बोलता ते अर्धवट राहिलं, म्हणून नीट लिहून पाठवते आहे.

एक कप मोडांना पाव कप कोरडे मूग लागतात. मापाचा पाव कप म्हणजे चार मोठे चमचे, वजनात साधारण ५० ग्रॅम. तुला तीन कप हवेत, तर पाऊण कप मूग घे, म्हणजे १५० ग्रॅम. मापाचा कप नसेल तर घरातली कुठलीही वाटी चालेल, फक्त कोरडे मूग आणि मोड एकाच वाटीने मोज. आणि मोड वाटीत सैल भर, दाबू नकोस.

हा हिशोब बोटाच्या पेरापेक्षा थोड्या कमी, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर मोडाचा आहे. आपल्याकडे उसळीला मोड त्याहून आखूडच लागतो, जेमतेम सेंटिमीटरभर. तेवढाच ठेवणार असशील तर पाव कपाचा पाऊण कपच होतो. मग एका कपासाठी पाव कपाऐवजी एक तृतीयांश कप मूग घ्यावे लागतात आणि तुझ्या तीन कपांना एक कप भरून. मोड किती लांब हवा हे आधी ठरव, मगच मूग मोजून घे.

हा फरक का पडतो, ते पाहा. मूग दोनदा वाढतात. पहिल्यांदा भिजताना ते पाणी पितात, तेव्हा वजन दुपटीच्या आसपास जातं आणि पाव कपाचे अर्ध्या कपाहून थोडे जास्त होतात. दुसरी वाढ फडक्यात होते. तिथे वजनात फारसा फरक पडत नाही, पण शेपट्या एकमेकींत अडकून दाण्यांमध्ये पोकळी राहते आणि वाटी लवकर भरते. म्हणून लांब मोडाच्या कपात मूग कमी असतात आणि आखूड मोडाचा कप जास्त पोटभरीचा होतो. उसळ चार जणांना पुरेल का, हे मोडाच्या कपावरून नाही, तू कोरडे मूग किती घेतलेस त्यावरून ठरव.

आता भिजवणं. पाऊण कप मूग निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मोठ्या पातेल्यात घे आणि वर तीन कप तरी पाणी घाल. कमी घातलंस तर वरचे दाणे पाण्याबाहेर राहतात. रात्री भिजवून सकाळी उपसले की आठ-नऊ तास होतात, तेवढे पुरेत. दिवसभर पाण्यातच ठेवू नकोस. बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही, पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि मग मोड येतच नाहीत. नीट भिजलेला मूग नखाने दाबला की सहज चिरतो आणि मधे कोरडा पांढरा ठिपका दिसत नाही. एखाद-दुसरा दाणा टणक, लहानच्या लहान राहतो. तो गणंग. त्याला मोड येत नाही आणि दाताखाली खडा लागतो, तो आत्ताच काढून टाक.

पाणी पूर्ण निथळू दे, मग ओल्या सुती फडक्यात सैल बांधून पातेल्यात झाकून ठेव. घट्ट बांधलंस तर मधले मूग गरम होऊन चिकट होतात. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत शेपट्या दिसतात. इथे नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मी कोमट पाण्यात भिजवते आणि पुरचुंडी गॅसच्या शेगडीजवळ ठेवते. तरी दीड-दोन दिवस जातात. तुमच्याकडे पुण्यातही थंडीत असंच होईल, तेव्हा रविवारच्या उसळीसाठी शुक्रवारी रात्रीच भिजत घाल. फडकं कोरडं वाटलं तर पाणी शिंपड.

मोजलेल्यापेक्षा कमी भरले तर आधी मोड न आलेले दाणे बघ. बरेच असतील तर मूग जुने आहेत, पुढच्या वेळी मूठभर जास्त भिजव. मी पाठवलेले रविवार कारंजावरचे आहेत, यंदाचेच, त्यांत हा त्रास होऊ नये.

उरलेले मोड कोरडे करून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. बुळबुळीत लागले किंवा वास आला तर धुऊन वापरू नकोस, टाकून दे. डब्यात घालतानाही थोडी जागा मोकळी ठेव, फ्रिजमध्येही मोड हळूहळू वाढतच असतात.

तुझी,
आई