बोकडांच्या खड्याबद्दल

चिकोडी

प्रिय मारुती,

बकरी ईदसाठी बोकड तयार करतोयस आणि मका-कोंडा भरपूर घालतोयस, असं फोनवर म्हणालास. अशा खुराकानं नरांना मुतखडा होऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्या शेजाऱ्यांचा उस्मानाबादी बोकड असाच खुराकावर होता. एका सकाळी तो पाय ताणून, पाठ वाकवून कुंथत होता, शेपटी सारखी हलवत होता. बद्धकोष्ठ समजून त्यांनी तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी तो शांत झाला, थोडा चरलाही, म्हणून सगळे निर्धास्त झाले. खरं तर मूत्राशय फुटलं होतं, म्हणून कळ थांबली होती. मग पोट पाण्यानं फुगलं आणि बोकड गेला.

कुंथणाऱ्या नराची लेंडी नव्हे, आधी लघवी बघायची. धार थेंबथेंब पडते का, लाल आहे का, तिथल्या केसांवर वाळूसारखे कण चिकटलेत का. दात खाणं, पोटावर लाथा मारणं हीही लक्षणं. असं दिसलं की खुराक बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. लिंगाच्या टोकाला बारीक शेपटीसारखी नळी असते, खडा बऱ्याचदा तिथंच अडतो. डॉक्टर ती कापतात आणि कधी वाट मोकळी होते. खडा मूत्रनळीच्या वरच्या वळणात असेल तर मात्र अवघड. माद्यांची मूत्रनळी रुंद, आखूड असते, म्हणून त्यांना हा त्रास क्वचितच. लहानपणी खच्ची केलेल्या नराची नळी अरुंदच राहते, त्याला धोका जास्त. मेंढ्यांचंही तेच.

मूळ कारण स्फुरद. मका आणि कोंड्यात तो कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, कोंड्यात तर सर्वांत जास्त. चारा चघळताना लाळेवाटे तो शेणात जातो. खुराकावर रवंथ कमी, लाळ कमी, मग तो लघवीत उतरतो आणि खडे धरतात. म्हणून कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट हवं.

शंभर किलो खुराक असा कर: मका ६८, कोंडा १०, शेंगदाणा पेंड १८, पशुखाद्याची चुनखडी पूड २, मीठ १, अमोनियम क्लोराइड १. तुझ्या आताच्या मिश्रणात कोंडा ३० आहे, तेवढा ठेवलास तर चुनखडी पावणेतीन किलोपर्यंत न्यावी लागेल. खायचा चुना चालणार नाही. डीसीपी ही खनिज पूड घालू नकोस, त्यात कॅल्शियमबरोबर स्फुरदही असतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर, पण बाजारातला नको, पशुखाद्याच्या दर्जाचा घे. तो लघवी आम्लधर्मी ठेवतो, त्यामुळे हे खडे धरत नाहीत. कडवट लागतो, म्हणून गुळाच्या पाण्यात कालवून सगळीकडे सारखा मिसळ. तयार झालेला मोठा खडा मात्र त्यानं विरघळेल असं धरून चालू नकोस.

तीस किलोच्या बोकडाला दिवसाला ३०० ग्रॅमपर्यंत खुराक, दोन वेळा विभागून. बाकी तुरीचा भुसा, कडबा, शेवरीचा पाला. तुरीच्या भुश्यातून कॅल्शियमही मिळतं. पाणी स्वच्छ आणि कायम समोर. थंडीत ते कमी पितात, तेव्हा कोमट दे.

कोंड्याचं पोतं नवं आणण्याआधी फोन कर.

तुझा,
बाळू