सहाशे फूट खाली पाणी असतंच असं नाही

खोल बोअरला अनुदान द्या, ही मागणी आपल्या अंकात वाचली, ती पटली नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे, आणि या खडकात पाणी मावतं ते फक्त मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. वरच्या मुरुमातला जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर, मुक्त, पाऊस थेट त्यात मुरतो, आपल्या विहिरी त्याच्यावरच चालतात. खाली दोन घट्ट थरांमध्ये भेगाळ पट्टा सापडला तर तो बंदिस्त जलधर, त्यातलं पाणी दाबाखाली असतं म्हणून बोअर लागली की पाणी चक्क वर चढतं आणि लोकांना वाटतं खाली झराच लागला. पण साठा थोडा, पुनर्भरण फार सावकाश, म्हणून मोटर लावल्यावर एक-दोन उन्हाळ्यांत बोअर आटते. शिवाय खोल जाल तशा भेगा मिटत जातात, तीनशे फुटांनंतर नुसती कोरडी भुकटीच वर येत राहिली तर पुढचे पैसे बहुतेक वायाच. आणि केसिंग वरचे वीस-तीस फूटच घातलं की मुरुमातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं, शेजारच्याची विहीर कोरडी पडते. २००९ च्या राज्य भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत ती यासाठीच, मग अनुदान द्यायचंच तर वरच्या जलधराच्या पुनर्भरणाला द्या.

– एक शेतकरी वाचक